तेराव्याच्या फोटोत आत्याची साडी बदलली आणि घर दुखावलं, आता काय करू?

मुक्ता_न
मंडळी नमस्कार. जरा घाईचा प्रश्न आहे, शनिवारी तेरावं आहे. माझी आत्या मागच्या आठवड्यात गेली. वय ६८, आतोबा आहेत, म्हणजे ती सवाष्ण गेली. हाराला लावायला नीट फोटो शोधला तर एकच सापडला, दोन वर्षांपूर्वी चुलतभावाच्या लग्नातला. चेहरा फार गोड आलाय, समोर बघतेय, हसतेय. पण नेसलीये राणी रंगाची पैठणी, नाकात मोठी मोत्यांची नथ, डोक्यात भरगच्च गजरा आणि बाजूला कुणाचा तरी हात.

सगळ्यांचं म्हणणं पडलं की एवढा लग्नाचा थाट तेराव्याला बरा दिसत नाही, साधं काहीतरी हवं. माझ्या भाच्याने चांगल्या मनाने फोनमधल्या कपडे बदलायच्या ॲपवर फोटो टाकला आणि पांढरी साडी करून दिली. ॲपने पैठणी काढली तशी नथ, गजरा पण काढला, आणि सोबत कुंकू आणि मंगळसूत्र पण गायब. त्याच्या लक्षातच आलं नाही, त्याने तो फोटो तसाच घरच्या ग्रुपवर टाकला. आतोबांनी बघितला आणि काही न बोलता आत निघून गेले. मोठी काकू रडायला लागली की अरे माझ्या नणंदेला विधवा केलंत तुम्ही फोटोत. भाचा बिचारा १९ वर्षांचा, त्याला तर कळेचना की चुकलं काय.

आता मला विचारायचंय की अशा फोटोत बाईला नेमकं काय नेसवायचं? हिरवी साडी करायची का? फिकट करायची? की पैठणीच ठेवायची? आणि हे नीट कसं करतात, कारण जवळच्या स्टुडिओवाल्याकडे तयार साड्यांचे नमुने आहेत आणि ते सगळे एकसारखे दिसतात.

वैजयंती६२
मुक्ता, वाईट वाटलं वाचून. अगं पांढरी कशी केली? सवाष्णीला पांढरं कधीच नाही. आमच्याकडे सासूबाई सवाष्ण गेल्या तेव्हा हिरवी साडी, हिरवा चुडा, मळवट भरून ओटी भरून पाठवलं, सगळ्या बायका पाया पडल्या. त्यामुळे फोटोत पण हिरवीच साडी आणि ठसठशीत कुंकू, दुसरं काही नको. आणि डोक्यावरून पदर हवाच, हार घालायच्या फोटोत उघडं डोकं बरं दिसत नाही.

स्टुडिओवाला
माझा जिल्ह्याच्या गावी स्टुडिओ आहे, वडिलांपासून. महिन्याला पाच-सहा तरी असे फोटो करतो, तेव्हा जरा सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट, शोकाचे कपडे हे शोक करणाऱ्यांचे असतात, गेलेल्या माणसाचे नसतात. ज्याने कुणी "साधं काहीतरी हवं" म्हटलं त्याच्या मनात तेराव्याला येणाऱ्या लोकांचे कपडे होते आणि ते चुकून फोटोवर चढले. दारात येणारा पांढरा शर्ट घालून येईल, पण ज्याच्या फोटोसमोर तो हात जोडणार ते माणूस त्याला ओळखीचं दिसायला हवं. आमच्याकडे सगळ्यात जास्त परत येणारे फोटो हेच, कपडे सुंदर पण "हे आमचे बाबा वाटत नाहीत".

वैजयंतीताई, तुमचं कुंकवाचं शंभर टक्के बरोबर. पण हिरवी साडी आणि मळवट हे शेवटच्या दिवसाचं रूप आहे, ते देहासाठी. तेच रूप फोटोत आणलं तर घरच्यांना दर वेळी तो दिवसच आठवतो. मी सुरुवातीला दोन-तीन वेळा केलं होतं घरच्यांच्या आग्रहावरून, त्यातले दोन फोटो वर्षभरात बदलून न्यायला आले, एका मुलीने सरळ सांगितलं की आईकडे बघवत नाही. आणि डोक्यावरचा पदर घरानुसार आहे. आमच्या भागातल्या खेड्यात सत्तरीतली बाई पदराशिवाय दाखवली तर घरचे रागावतील, पण जी बाई आयुष्यभर बँकेत मोकळ्या डोक्याने गेली तिला पदर दिला की ती भलतीच कुणीतरी दिसते. शिवाय पदराने कानाजवळचे केस झाकले जातात आणि चेहऱ्याचा घाट बदलतो, ओळख त्यातच असते.

मुक्ताताई, तीन गोष्टी सांगा. आत्या रोज काय नेसायच्या? तो लग्नाचा फोटो तुमच्याकडे व्हॉट्सॲपवरून आलेला आहे का मूळ फाईल आहे? आणि नथ ओठांवर येते का?

प्रथमेश_क
मला पण असाच प्रश्न आहे, उद्या सकाळी मित्राच्या वडिलांच्या दहाव्याला घाटावर जायचंय, माझ्याकडे पांढरा कुर्ता नाहीये, आकाशी शर्ट चालेल का? काळा टी-शर्ट आहे पण तो बरा दिसणार नाही ना?

वैजयंती६२
प्रथमेश, इथे फोटोतल्या कपड्यांचं चाललंय रे. आकाशी चालेल, अंगभर आणि साधा असला म्हणजे झालं. लवकर जा.

मुक्ता_न
स्टुडिओवाले दादा, खूप आभार. आत्या शाळेत शिक्षिका होती, निवृत्तीनंतरही रोज सुती साडीच, नारायणपेठी आणि इरकली तिच्या आवडीच्या. तिची मोहरी रंगाची एक नारायणपेठी सगळ्यांच्या डोळ्यांसमोर आहे. पण तिची मुलगी म्हणते की गेली पाच वर्षं घरात आई पंजाबी ड्रेसच घालायची आणि मला तीच आई आठवते. काकूला ते अजिबात मान्य नाही. फोटो व्हॉट्सॲपवरूनच आलाय. नथ वरच्या ओठावर येते, अर्धा ओठ झाकलाय.

संघमित्रा_अ
मला एक सांगावंसं वाटतं, "पांढरं म्हणजे विधवा, पांढरं म्हणजे शोक" हे सरसकट म्हणू नका. आम्ही बौद्ध आहोत, आमच्याकडे मंगल परिणय पांढऱ्या कपड्यांत लागतो, माझ्या लग्नात मी पांढरी साडी आणि नवरा पांढरा कुर्ता, समोर बुद्धमूर्ती आणि बाबासाहेबांचा फोटो. गेल्या वर्षी लग्नाच्या अल्बमसाठी एका ठिकाणी फोटो दिले तर त्यांनी "वधू उठून दिसावी" म्हणून दोन फोटोंत साडी लाल करून, भांगात कुंकू भरून आणून दिली. न विचारता. माझ्या सासऱ्यांना ते फार लागलं. ते म्हणाले, ही आमची जिद्दीने धरलेली गोष्ट आहे आणि यांनी एका क्लिकमध्ये पुसली. अल्बम परत छापून घेतला. तेव्हा मुक्ता, तुझ्या घरात पांढरं चुकीचं हे खरं, पण तो नियम तुझ्या घराचा आहे, साडीचा नाही.

स्टुडिओवाला
संघमित्राताई, अगदी बरोबर बोललात आणि हे आमच्या धंद्यातल्या प्रत्येकाने ऐकायला हवं. वसईला माझा मेव्हणा आहे, तिथल्या ख्रिस्ती घरांत नवरी पांढऱ्या गाऊनमध्ये आणि शोकाला काळं. म्हणजे तोच पांढरा रंग तीन घरांत तीन अर्थांचा. म्हणून मी आता ऑर्डर घेताना चिठ्ठीवर रंग लिहून घेतोच, पण त्याआधी विचारतो की यांच्या अंगावर कायम काय असायचं. कुंकू, टिकली, मंगळसूत्र, तुळशीची माळ, विभूती, चष्मा, टोपी. कपडे चुकले तर लोक म्हणतात बरं नाही दिसत. हे चुकलं तर म्हणतात अपमान झाला.

मुक्ताताई, आता कामाचं. व्हॉट्सॲपवरचा फोटो दाबून बारीक झालेला असतो, तो मोठा केला की चेहरा मेणाचा दिसतो. लग्नाच्या फोटोग्राफरला फोन करा, दोन वर्षांपूर्वीचं काम बहुतेकांच्या हार्ड डिस्कवर असतं, तारीख आणि हॉल सांगितला की शोधून देतात. मूळ फाईल मिळाली की कपाळापासून हनुवटीपर्यंत किती पिक्सेल येतात ते बघा. बारा बाय अठराच्या फ्रेममध्ये चेहरा साधारण चार इंच येतो, तेव्हा ७००-८०० पिक्सेल असले तरी भिंतीवर लांबून छान दिसतं. ३०० च्या खाली असेल तर फ्रेम लहान करा, आठ बाय दहा, उगाच ताणू नका.

आणि पैठणीला फिकट किंवा पांढरं करायच्या नादी लागू नका. गडद कापड पांढरं होत नाही. निऱ्यांतल्या आणि पदराच्या घड्यांतल्या सावल्या काळपट राहतात, साडी मळकी दिसते, आणि जरीचा काठ राखाडी होतो. रंग बदलायचाच असेल तर गडदकडून दुसऱ्या गडदकडे, राणीचा गर्द जांभळा किंवा गर्द निळा. Hue/Saturation वेगळ्या लेयरवर घ्या, आणि मास्क करून काठ आणि बुट्टे वगळा, नाहीतर सोन्याची जर पण जांभळी होते. गालाजवळ पैठणीची गुलाबी छाया पडलेली असते ती पण उतरवावी लागते, ती राहिली की साडी निळी आणि हनुवटी गुलाबी असं विचित्र दिसतं.

गोदाकाठ
मी जरा वेगळं बोलतो, राग मानू नका. सवाष्ण, विधवा हे फोटोत तरी कशाला सांभाळायचं? मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला, कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र काढणं सगळं बंद, आणि नंतर राज्य सरकारनेही बाकीच्या ग्रामपंचायतींना तसं करा म्हणून परिपत्रक काढलं. आणि आपण इथे फोटोत कुंकू आहे का नाही यावर बसलोय. माझी आई वडील गेल्यावर पण टिकली लावायची. ती गेली तेव्हा फोटोवाल्याने स्वतःच्या मनाने टिकली काढून दिली, "रीत आहे" म्हणून. मी तिथेच भांडलो.

मुक्ता_न
गोदाकाठ, राग कसला. पण तुमचा अनुभव आणि आमचा एकच झाला की. तुमच्या आईची टिकली कुणी तिसऱ्याने काढली आणि माझ्या आत्याची ॲपने काढली. दोघींनी स्वतः लावली होती.

गोदाकाठ
हो, हे पटलं. माझं म्हणणं एवढंच की उलटही होऊ नये. जिने वीस वर्षं लावलं नाही तिला "चांगलं दिसतं" म्हणून लावू नका. पण मग एक प्रश्न राहतोच, जिच्यावर लोकांनी काढायची जबरदस्ती केली तिच्या फोटोत काय दाखवायचं? माझ्या आजीचं तसं होतं. तिचे पस्तिशीच्या आधीचे फोटोच नाहीत.

वैजयंती६२
याला माझ्याकडे उत्तर नाही बाबा. माझ्या आईचं पण तसंच होतं.

डोंबिवलीकर_सुजय
आमचा किस्सा देवळाचा आहे पण चुकीची जात तीच, म्हणून लिहितो. आईबाबांच्या पन्नासाव्या वाढदिवसाला, म्हणजे लग्नाच्या, आम्ही भावंडांनी त्यांचा उभा फोटो सिद्धिविनायकाच्या पार्श्वभूमीवर लावून मोठा प्रिंट काढला, कारण बाबांच्या गुडघ्यांमुळे रांगेत जाणं जमत नव्हतं. बाबा झब्ब्यात, आई सिल्कच्या साडीत, कपडे एकदम नीट निवडले होते, २०२५ च्या जानेवारीत तिथे अंगभर कपड्यांचा नियम जाहीर झाला होता ते पण डोक्यात होतं. प्रिंट आला, आई खूश, आणि मामाने पहिल्या मिनिटाला दोन चुका काढल्या. एक, दोघांच्या पायात चपला. हॉलमध्ये काढलेला फोटो, चपला असणारच, पण आता ते चपला घालून गणपतीसमोर उभे. दुसरी, सोंड डावीकडे. प्रभादेवीचा गणपती उजव्या सोंडेचा आणि आम्ही आईबाबांना जागा व्हावी म्हणून मागचा फोटो उलटा फिरवला होता. मामा दर मंगळवारी जाणारा माणूस, त्याला ते इतकं खटकलं की तो प्रिंट लावूच देईना.

स्टुडिओवाला
सुजयभाऊ, Flip Horizontal ने आमच्या धंद्यात जेवढी भांडणं लावलीत तेवढी रंगाने नाही लावली. यावर जरा थांबून लिहितो कारण मुक्ताताईंनाही लागणार आहे.

फोटो समोरून बघताना आपल्या उजव्या हाताला काय काय यायला हवं ते लक्षात ठेवा. नेहमीच्या पद्धतीने नेसलेल्या साडीचा पदर, तो नेसणारीच्या डाव्या खांद्यावर असतो म्हणजे बघताना आपल्या उजवीकडे. नथ डाव्या नाकपुडीत, तीही आपल्या उजवीकडे. पुरुषाच्या शर्टाचा खिसा, उजवीकडे. सोवळ्यात उघड्या अंगाने बसलेल्या माणसाचं जानवं डाव्या खांद्यावर, म्हणजे तेही उजवीकडे. हे सगळं डावीकडे दिसलं की फोटो फिरवलेला आहे. फक्त गुजराती पद्धतीचा पदर उजव्या खांद्यावरून पुढे येतो, तो अपवाद.

आता जानव्याचं बघा. डाव्या खांद्यावर असतं ते सव्य, देवकार्याला. श्राद्धपक्षाला पितरांचं करताना ते उजव्या खांद्यावर घेतात, अपसव्य. तर एका घरात मुंजीच्या आमंत्रणावर आजोबा पूजा करतानाचा फोटो छापला, डिझाइन करणाऱ्याने आजोबांचं तोंड नावांकडे असावं म्हणून फोटो फिरवला. झालं, मुंजीच्या पत्रिकेवर आजोबा अपसव्य. ज्याला माहीत नाही त्याला काही दिसलं नाही, पण त्यांच्या गुरुजींनी पत्रिका हातात घेतली आणि खाली ठेवली. दोनशे पत्रिका परत छापल्या. पुढच्या कॅमेऱ्याने काढलेल्या सेल्फी तर काही फोनमध्ये मुळातच उलट्या सेव्ह होतात, सेटिंगवर असतं, त्यामुळे तुम्ही न फिरवताही फिरलेला असू शकतो. मागे कुठे पाटी किंवा कॅलेंडर दिसत असेल तर अक्षरं वाचून बघा, लगेच कळतं.

देवळाचं म्हणाल तर मी पूर्ण उभा माणूस देवासमोर लावतच नाही, गुडघ्यापर्यंत कापतो, पायांचा प्रश्नच येत नाही. आणि गाभाऱ्यात तर नाहीच नाही. वेरूळच्या घृष्णेश्वराला पुरुष गाभाऱ्यात उघड्या अंगाने जातात, तिथे शर्ट-पॅंटीतला माणूस पिंडीशेजारी चिकटवला की ज्याने दर्शन घेतलंय त्याला तो फोटो खोटा आणि उद्धट वाटणार. देवळाच्या बाहेरचा कळस, दीपमाळ, पायऱ्या हे घ्या.

मुक्ता_न
दादा, फोटोग्राफरकडे मूळ फाईल मिळाली!! त्याने पाच मिनिटांत पाठवली, पैसेही घेतले नाहीत. चेहरा साधारण ७४० पिक्सेल आहे. आणि त्याच लग्नातला जेवणाच्या पंगतीतला अजून एक फोटो निघाला, त्यात आत्याने नथ काढून ठेवलीये पण ती घास घेतेय.

घरात ठरत नव्हतं पण आता मोहरी नारायणपेठीवर बहुतेक सगळे आलेत. तिची मुलगी अजून गप्प आहे. पण नारायणपेठीतला एकही नीट फोटो नाही. मग साडी आणायची कुठून?

स्टुडिओवाला
साडी कपाटातून आणायची. बाजारातल्या तयार नमुन्यातली मोहरी साडी ही त्यांची नसणार, काठ वेगळा असणार, आणि घरातल्या बायकांना काठ लगेच कळतो. त्यांचीच साडी त्यांच्याच बांध्याच्या कुणीतरी नेसून खुर्चीत बसायचं, त्यांच्या चेहऱ्यावर उजेड ज्या बाजूने आहे त्याच बाजूला खिडकी, खांदे तेवढेच वळवलेले, कॅमेरा डोळ्यांच्या उंचीवर. गळ्यापासून खालचं घ्यायचं आणि वर मूळ चेहरा आणि मूळ मान. मान कधीच दुसऱ्याची घेऊ नका.

उजेड कुठला ते डोळ्यांतल्या पांढऱ्या ठिपक्यावरून कळतं. तो ज्या बाजूला तिकडे दिवा होता.

वैजयंती६२
थांबा थांबा. सुतकात गेलेल्या बाईची साडी दुसरीने नेसायची? तेराव्याच्या आत? हे मला नाही पटत. आमच्याकडे तेरावं होईपर्यंत कपाटाला हातही लावत नाहीत.

स्टुडिओवाला
ताई, हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं, खरंच. आमच्याकडे लोक साडी घेऊन येतात तेव्हा मी कधी विचारलं नाही की कितवा दिवस आहे. ज्यांना चालत नाही त्यांनी नेसू नये.

संघमित्रा_अ
ब्लाऊज शिवणाऱ्या ताईंकडे कापडी पुतळा असतो ना, कंबरेपर्यंतचा? त्याच्यावर साडी लावता येईल. कुणी नेसायला नको.

मुक्ता_न
आमच्या गल्लीतल्या शिंपीकाकूंकडे आहे! विचारते.

(संध्याकाळी) झालं. काकूनेच परवानगी दिली, म्हणाली पुतळ्याला चालेल, आणि कपाटातून साडी तिने स्वतः काढून दिली. साडी काढताना आम्ही दोघी खूप रडलो. खिडकीशी पुतळा ठेवून दहा-बारा फोटो काढले. भाच्याने दुपारभर बसून जोडलं, त्याला ते करायचंच होतं, पहिल्यांदा चुकलं ते त्याच्या मनाला फार लागलंय. पण काहीतरी खटकतंय. चेहरा आत्याचा, साडी आत्याची, तरी बसलेली वाटते ती पुतळ्यासारखी.

स्टुडिओवाला
फोटो पाहिला, भाच्याचा हात चांगला आहे. तीन ठिकाणी अडलंय.

खांदे. पुतळ्याचे खांदे सरळ एका रेषेत असतात, माणसाचे नसतात. लग्नाच्या मूळ फोटोत बघा, त्यांचा डावा खांदा थोडा उतरलेला आहे, खूप वर्षं पिशवी अडकवणाऱ्या बायकांचा असतो तसा. मूळ फोटो खाली अर्धा पारदर्शक ठेवा आणि Warp ने साडीचा खांदा त्या रेषेवर आणा. त्यांना ओळखणारा माणूस लांबून आधी खांदेच ओळखतो.

मान. लग्नात चेहऱ्याला मेकअप होता, मानेला नव्हता. पैठणीच्या थाटात ते लपतं, सुती साडीवर चेहरा पावडर लावल्यासारखा पांढरा दिसतो. चेहरा किंचित सावळा करा, मानेला हात लावू नका, मानेचा रंग खरा आहे.

मंगळसूत्र. ते मूळ फोटोतलंच आणलंय हे उत्तम, पण साडीवर त्याची सावली नाहीये म्हणून ते हवेत तरंगतंय. वाट्यांच्या खाली उजेडाच्या उलट बाजूला बारीकशी सावली द्या, अगदी पुसट.

नथीखालचा ओठ पंगतीतल्या फोटोतून घेऊ नका, घास घेताना ओठ ताणलेला असतो, हसू बदलेल. नथीने न झाकलेला अर्धा ओठ आहे ना, तो उलटा करून दुसऱ्या बाजूला बसवा आणि कोपरा थोडा खाली करा, दोन्ही बाजू अगदी सारख्या कुणाच्याच नसतात. इथे फिरवलेलं चालतं.

गोदाकाठ
हे बघून मला आईचा फोटो पुन्हा करून घ्यावासा वाटतोय, टिकलीसकट.

डोंबिवलीकर_सुजय
मुक्ता, गजरा ठेवलात का काढलात?

मुक्ता_न
गजऱ्याचं आतोबांना विचारलं. पहिल्यांदाच ते स्वतःहून येऊन स्क्रीनसमोर बसले. म्हणाले शाळेत जाताना ती एकच फूल लावायची, अबोलीचं नाहीतर गुलाबाचं, कानामागे, ते समोरून दिसत नसे. म्हणून गजरा काढला आणि फूल घातलंच नाही. मग बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, टिकली मोठी झालीये. आम्ही म्हटलं लग्नातल्या फोटोत आहे तेवढीच आहे. तर म्हणाले लग्नात सुनेने लावून दिली होती, हिची रोजची एवढीशी असायची, आणि करंगळीचं नख दाखवलं. भाच्याने टिकली लहान केली. आतोबा हो म्हणाले. मग फोटो छापायला दिला.

तिच्या मुलीचं मात्र राहिलं. ती म्हणाली फोटो चांगला झालाय पण ही शाळेतली बाई आहे, घरातली आई नाही. तिने पंजाबी ड्रेसमधला भाजी निवडतानाचा एक धूसर फोटो स्वतःच्या खोलीत लावलाय, काही न बदलता. काकूने तो बघितला आणि काही बोलली नाही, दोघींचं यावर अजून धड बोलणं झालेलं नाहीये.

अजून एक. आत्याच्या मुलीचं लग्न ठरलेलं आहे, पुढच्या वर्षी. आतोबांनी आत्ताच विचारलं की लग्नाच्या घरच्या फोटोत हिला आमच्या शेजारी उभं करता येईल का. तेव्हा कुठली साडी?

संघमित्रा_अ
माझ्या मैत्रिणीने वडिलांना तसं लग्नाच्या फोटोत आणलं होतं, त्यांच्या तेराव्याचाच फोटो घेऊन. साध्या शर्टात, बाकी सगळे फेटे बांधलेले. ते एकटेच तिथले नसल्यासारखे दिसत होते, बघून जास्तच वाईट वाटायचं.

स्टुडिओवाला
मुक्ताताई, फोटोग्राफरने दिलेली मूळ फाईल दोन ठिकाणी सेव्ह करून ठेवा, पेनड्राइव्हवर आणि मेलवर, काही न बदललेली. पैठणी, नथ, गजरा, मोठी टिकली सगळ्यासकट. लेकीच्या लग्नात त्या तशाच येतील.